फोटो उडाला आणि चिठ्ठीवर नुसतं '२०' लिहिलंय? नळाचं स्पिंडल मापावरून कसं ओळखायचं

दुकानात आठवड्याला एकदा तरी हे होतंच. गिऱ्हाईक मोबाईल काढतं, वर-खाली सरकवत बसतं, मग म्हणतं "अहो फोटो होता की इथेच, आता उघडेना". कुणाचा व्हॉट्सॲपवर एकदाच दिसणारा पाठवलेला असतो, कुणी मोबाईल बदललेला, कुणाच्या पोरानं जागा होत नाही म्हणून गॅलरी साफ केलेली. उरते ती चिठ्ठी नाहीतर मेसेजातली एक ओळ, "२० चा, लांबी ५२, वरती दात". आणि खरं सांगू का, फोटोपेक्षा ही ओळ जास्त कामाची असते, फक्त ती वाचता आली पाहिजे, कारण फोटोत सगळी स्पिंडलं सारखीच दिसतात, पितळी, मधे पान्याचा षटकोन, वर दातेरी दांडा. माप मात्र खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मी इथे फक्त नळाच्या आतल्या, मूठ फिरवली की पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या स्पिंडलचंच सांगतोय (कुणी कार्ट्रिज म्हणतं, कुणी नुसतं फिटिंग), कारण सगळ्यात जास्त घोटाळा याचाच होतो. पण आट्यांचा भाग अँगल कॉक, निपल, वॉशिंग मशीनचा नळ, सगळ्यालाच लागू आहे.

आधी त्या '२०' चं बघू. प्लंबिंगमध्ये २० म्हणजे दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी असू शकतात. प्लंबर '२० एमएम' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पाइपाचं नाव असतं, १५ म्हणजे अर्धा इंची, २० म्हणजे पाऊण इंची, २५ म्हणजे एक इंची. ही नावं आहेत, मापं नाहीत. त्याच २० वाल्या पाऊण इंची आट्याला बाहेरून व्हर्नियर लावला तर भरतो जवळजवळ साडेसव्वीस मिमी. आणि घरात कुणी पट्टीनं मोजून २० लिहिलं असेल, तर तो बहुतेक अर्धा इंची आटा असतो, कारण अर्धा इंची आट्याचं बाहेरचं खरं माप २०.९६ मिमी आहे आणि पट्टीवर ते वीस-एकवीस असंच दिसतं. म्हणजे एकच आकडा, पण एकाच्या हिशोबानं पाऊण इंची, दुसऱ्याच्या हिशोबानं अर्धा. गिऱ्हाईकानं २० म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, मोजलंत का कुणी सांगितलं?

आता अर्धा इंच म्हणजे तर १२.७ मिमी, मग २१ कुठून आलं असं कुणालाही वाटणारच. ही नावं जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलीत आणि आटे पडतात बाहेरून, पाइपाची जाडी धरून, म्हणून बाहेरचं माप नावापेक्षा कायम मोठं. आतले आटे असतील तर याच्या उलटा घोळ. अर्ध्या इंचाच्या आतल्या आट्याचं भोक मोजलं की १८.६ भरतं, मग माणूस म्हणतो पाऊण इंच म्हणजे १९, १८.६ म्हणजे त्याच्या जवळच, आणि पाऊण इंची निपल घेऊन जातो. तो भोकात शिरतसुद्धा नाही. पाऊण इंचाचं आतलं भोक २४ च्या थोडं वर असतं.

एक चालू केस सांगतो म्हणजे क्रम कळेल. एक ताई आल्या, वडील जतकडच्या गावी एकटे राहतात, मोरीतला नळ ठिबकतोय. वडिलांनी स्पिंडल काढून फोटो पाठवला होता, तो गेला, आणि वडिलांनी ते परत नळात बसवून टाकलेलं, कारण त्याच नळाचं पाणी लागतं. ताईंच्या मोबाईलमध्ये उरलेला मेसेज एवढाच: "२०, लांबी ५२, दात २०". गावात व्हर्नियर कुठला असणार. मी म्हटलं बाबांना फोन लावा, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, आणि स्पिंडल परत काढू दे. पान्यानं षटकोनाला धरूनच फिरवायचं, पकडीनं दातांना नाही, दात चेपले की पुढचं सगळं अवघड.

व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी आट्यांवर घट्ट एक वेढा, थोडी एकावर एक येऊ द्यायची, आणि जिथे दोन थर आलेत तिथे टाचणी आरपार टोचायची. पट्टी सरळ केली की दोन भोकं दिसतात, त्यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजायचं. हा घेर झाला, आणि याचा फायदा असा की व्यासातला एक मिमीचा फरक इथे तीन मिमीचा होऊन दिसतो, त्यामुळे शाळेच्या पट्टीवरही चालतं. अर्धा इंच असेल तर घेर ६५ ते ६६ मिमी येतो. पाऊण इंचाला ८३ च्या आसपास. तीन सुताच्या आट्याला, म्हणजे ३/८ ला, ५२. एक इंचाला १०४. मिलिमीटरवाला २० चा आटा असेल तर ६३ च्या आत राहतो, आणि हे ६३ आणि ६६ मधलं अंतर फार महत्त्वाचं, कारण पट्टीनं नुसता व्यास मोजला तर दोन्ही 'वीसच' दिसतात.

कागदसुद्धा नको असेल आणि फक्त अर्धा की पाऊण एवढंच बघायचं असेल तर दहाचं नाणं आट्यांच्या तोंडावर ठेवा. नाणं २७ मिमीचं आहे, पाऊण इंची आटा जवळजवळ त्याच्या कडेपर्यंत येतो, अर्धा इंचीला नाणं चारी बाजूंनी तीन-तीन मिमी बाहेर राहतं. फोनवरून विचारायला हे सगळ्यात सोपं.

बाबांनी पट्टी केली, घेर आला साडेपासष्ट. भागिले ३.१४ केलं की २०.८६. आटे वापरून थोडे झिजतात, आणि नवे असतानाही बनवताना साधारण पाव मिमी कमी ठेवायची मुभा असते, म्हणून २०.७ ते २०.९५ मधे काहीही आलं तरी तो अर्धा इंचच धरायचा. म्हणजे मेसेजातला २० हा मोजलेला २० होता, प्लंबरचा नव्हे. ताई आधी ज्या दुकानात गेल्या होत्या तिथे त्यांना पाऊण इंची स्पिंडल काढून दाखवलं होतं, मेसेज वाचून.

पण नुसता व्यास जुळला म्हणून माल द्यायचा नाही. आट्यांची गर्दी बघायची, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर. आपल्याकडचे पाइपाचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, अर्धा आणि पाऊण दोन्हीला एका इंचात १४ आटे, तीन सुताला आणि पाव इंचाला १९, एक इंचाला ११. म्हणजे अर्धा-पाऊणला एक आटा १.८१ मिमीचा. हे मोजताना लोक एक गंमत करतात, पाच कंगोरे मोजतात आणि पाचानं भागतात. पाच कंगोऱ्यांमधे अंतरं चारच असतात! पहिल्या कंगोऱ्याच्या टोकापासून पाचव्याच्या टोकापर्यंत मोजायचं आणि चारानं भागायचं. अर्धा इंची असेल तर हे सव्वासात मिमी भरतं, दीड मिमीचा मिलिमीटरवाला आटा असेल तर बरोबर ६, दोन मिमीचा असेल तर ८. स्पिंडलवर आटा जेमतेम आठ-दहा मिमीच असतो त्यामुळे पाच कंगोरे मिळाले तरी नशीब, चार मिळाले तर तीन अंतरं धरा, साडेपाचला थोडं कमी यायला पाहिजे.

डोळ्यांना दिसत नसेल, म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच दिसत, तर आट्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासायची, रेघा उमटतात. त्याच कागदावर पट्टी ठेवून मोजायचं. आणि हा कागद जपून ठेवायचा, फोटो गेला तरी हा ठसा खऱ्या मापाचा असतो, कुणीही दुकानदार त्यावर नवीन भाग आडवा ठेवून रेघा जुळवून बघू शकतो. मला विचाराल तर फोटोपेक्षा हा ठसा दहा पट बरा. बाबांच्या ठशावर पाच रेघा सव्वासात मिमीत बसल्या. अर्धा इंच पक्का.

इथे जरा थांबून अमेरिकेचं सांगून टाकतो, कारण तिकडून मुलांनी आणलेले शॉवर घेऊन लोक येतात आणि 'अर्धा इंचीच आहे की' म्हणून भांडतात. त्यांच्या अर्ध्या इंचालाही १४ च आटे, पण बाहेरचं माप २१.३, आट्याचा कोन ६० अंश, आपला ५५, आणि त्यांचा आटा निमुळता होत जातो. त्यामुळे आपल्या फिटिंगमधे तो दोन-तीन फेरे छान जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की पितळ चिरतं. मधे जोडणारा ॲडॅप्टर मिळतो, तोच घ्यायचा. तिकडच्या बागेच्या पाइपाचा आणि वॉशिंग मशीनच्या होजचा पाऊण इंची आटा तर अजूनच वेगळा, इंचात साडेअकरा, तो आपल्या नळाला लावायचा प्रयत्नच करू नका.

निमुळता आहे का सरळ हे बघायला आट्याच्या दोन्ही टोकांना माप घ्यायचं. निमुळता असेल तर १० मिमी लांबीत व्यासात अर्ध्या मिमीपेक्षा थोडा जास्त फरक पडतो. स्पिंडलचा आटा सरळच असतो, निमुळता आला तर तुम्ही स्पिंडल मोजतच नाहीये, निपल वगैरे दुसरंच काहीतरी मोजताय.

आता आकार, आणि खरी मारामारी इथेच आहे, कारण अर्धा इंची आट्याची स्पिंडलं आमच्या एका ड्रॉवरमधे डझनभर प्रकारची पडलीत. 'लांबी ५२' हे माप एकटं काही कामाचं नाही. पान्याच्या षटकोनाखाली जी कॉलर असते, जी नळाच्या अंगावर येऊन टेकते, तिथून दोन मापं घ्यायची, कॉलरपासून खाली रबराच्या टोकापर्यंत एक, आणि कॉलरपासून वर दांड्याच्या टोकापर्यंत दुसरं. वरचं माप चुकलं तर फार तर मुठीची बाजू वर राहते, नाहीतर मूठ खाली घासते, दिसायला वाईट एवढंच. खालचं चुकलं तर नळ चालतच नाही. कारण खालचं रबर नळाच्या आतल्या सीटवर दाबून बसलं तरच पाणी स्पिंडलमधून जातं, नाहीतर बाजूनं निसटतं.

बाबांचं खालचं माप २४.५ आलं, वरचं साडेसत्तावीस. आणि इथे अनुभवाची गोष्ट, जुनं रबर वर्षानुवर्षं दाबून चपटं झालेलं असतं, त्यामुळे नवीन भागाचं खालचं माप अर्धा ते एक मिमी जास्तच दिसणार. २४.५ ला जुळवायला म्हणून २४ चं दिलं तर ठिबकतंय ते तसंच राहील. मी २५ चं काढलं. ड्रॉवरमधे २२ चंही होतं, शेजारी ठेवल्याशिवाय दोघांत फरक कळतसुद्धा नाही, फोटोत तर अजिबात नाही.

दात मोजताना एका दातावर पेनानं खूण करा, मग फिरवत मोजा, नाहीतर एकोणीस का एकवीस यावरून घरात वाद होतो. ८ मिमीच्या दांड्यावर २० दात फार चालतात, २४ चेही येतात, आणि २० ची मूठ २४ वर नुसती वरवर अडकते, दोन महिन्यांत गोल फिरायला लागते. शक्य असेल तर मूठच घेऊन या दुकानात, दात मोजायची गरजच नाही, लावून बघता येतं. चौकोनी दांडाही असतो काही नळांना, तिथे बाजूचं माप घ्यायचं, कोपऱ्यातून कोपऱ्यात नाही.

मग फिरणं. हे फोटोत कधीच दिसत नाही. दांडा हातानं फिरवून बघा. फिरवताना खालचं वायसर वर-खाली होत असेल आणि दोन-तीन फेरे जात असतील तर तो जुना फुल टर्न, त्याचं नुसतं वायसर बदलूनही बऱ्याचदा भागतं, उगाच अख्खं स्पिंडल घेऊ नका. दांडा वर-खाली न होता पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात अडत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या आहेत. पाव आणि अर्धा एकमेकांच्या जागी बसतात, आटे तेच असतात, पण मूठ भलत्याच दिशेला थांबते. आणि शेवटचं, बंद व्हायला कुठे फिरतं. बहुतेक घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बंद होतात, पण गरम-थंड मिक्सरच्या जोडीत एक उलटं असतं. खाली रबराच्या बाजूनं बघितलं की भोकं उघडताना-मिटताना दिसतात, बाबांनी तसं बघून सांगितलं, अर्धा फेरा, घड्याळाच्या दिशेनं बंद. झालं, एवढ्यावर भाग ठरला, फोटो न बघता.

ताईंना सांगितलं की बसवताना बाबांनी आधी बोटांनीच फिरवायचं. बरोबर आटा असेल तर कॉलर टेकेपर्यंत बोटांनी जातो, पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्याला. एक-दोन फेऱ्यांत जड झालं तर थांबायचं, एकतर तिरका लागलाय किंवा आटा वेगळा आहे. आणि सैल लागतंय म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. स्पिंडलचं पाणी आट्यांवर अडत नाही, ते अडतं कॉलरखालच्या ओ-रिंगवर आणि खालच्या रबरावर, टेप लावल्यानं फक्त चुकीचा आटा बरोबर वाटायला लागतो.

बसवून पाणी सोडलं की कुठून गळतंय यावरून कुठलं माप चुकलं ते कळतं. तोटीतून पूर्वीसारखंच ठिबकत असेल तर खालचं रबर सीटपर्यंत पोचत नाहीये, खालचं माप कमी पडलं (किंवा सीटवर क्षार साचलाय, बोट घालून खरखर लागते का बघा, बोअरच्या पाण्याला हे नेहमीचं). मुठीखालून, कॉलरपाशी पाणी येत असेल तर उलटं, स्पिंडल खाली जास्त लांब आहे, रबर आधी टेकलं आणि कॉलर टेकायला अर्धा मिमी राहिला. अशा वेळी पाना मारून आवळलं तर कॉलर टेकते खरी, पण खालचं रबर फाटतं आणि दांडा जड फिरायला लागतो. दांड्याच्याच बाजूनं पाणी झिरपत असेल तर मापाचा संबंध नाही, आतली ओ-रिंग गेलेली, भाग खराब आहे, परत द्या.

या सगळ्यातून न सुटणाऱ्या केसेसही आहेत, ते पण सांगतो. घेर ६३ च्या आत आला किंवा ५६ वगैरे आला, पण तीन सुताचा ५२ नव्हे, आणि पाच कंगोरे ६ मिमीत किंवा त्याहून कमी जागेत बसले, तर तो मिलिमीटरवाला आटा, बहुतेक त्या नळाच्या कंपनीनं स्वतःसाठी ठेवलेला. मग बाजारातलं कुठलंच चालत नाही, नळावर नाव कोरलेलं असतं ते शोधून त्यांच्याच डीलरकडे जायचं. तोटीच्या तोंडावरची जाळी मात्र याला अपवाद, तिथे मिलिमीटरचाच आटा सर्रास असतो, तोटीला आतून आटे असतील तर जाळी २४ ची आणि बाहेरून असतील तर २२ ची, दोन्हीचा आटा एक मिमीचा, आणि या कुठेही मिळतात. एका दांडीच्या मिक्सरच्या कार्ट्रिजला तर बाहेर आटेच नसतात, तिथे फक्त बुडाचा व्यास बघायचा, ३५ किंवा ४० सर्रास, क्वचित २५, आणि खालच्या दोन खुंट्या कुठे आहेत ते. त्याचा ठसा ओल्या साबणावर घेऊन आलेले एक काका होते, आणि खरंच त्यावरून जमलं.

आणि नळ साधा असेल, भिंतीच्या आतला नसेल, आणि स्पिंडल दोन-तीन दुकानांत मिळालं नाही, तर अख्खा नळ बदला. त्याचा भिंतीकडचा आटा बहुतेक अर्धा इंचीच असतो, तिथे मापाची भानगड नाही. कन्सिल्ड असेल तर मात्र फरशी फोडण्याआधी तो पेन्सिलचा ठसा आणि कॉलरखालचं माप घेऊन मोठ्या शहरातल्या स्पेअरवाल्याला फोन करा, तो व्हर्नियर हातात घेऊनच बोलेल.